हिमाद्री ध्रुवाच्या जास्त जवळ, तरी मैत्रीपेक्षा ऊबदार कशी?

प्रश्न: दोन्ही ध्रुवांवर सहा महिने सूर्य नसतो आणि दोन्हीकडे बर्फच बर्फ. पुस्तकात लिहिलंय की आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र आणि अंटार्क्टिका म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. पण त्याने हवामानात नक्की काय फरक पडतो? आणि आपली भारताची ध्रुवीय संशोधन स्थानकं बघा, हिमाद्री 79 अंश उत्तरेला, मैत्री 71 अंश दक्षिणेला. मग थंडी हिमाद्रीवर जास्त असायला हवी ना?

उत्तर:

आधी तुमच्या जोडीचेच आकडे मांडू, कारण जोडी चांगली निवडली आहे. हिमाद्री नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंड या वस्तीत आहे. तिथली वर्षाची सरासरी उणे 4 ते 5 अंश सेल्सिअस. जुलैत पारा 5-6 अंशांवर असतो, मार्चमध्ये उणे 12 च्या आसपास. मैत्री शिरमाखर ओअॅसिस या उघड्या खडकाळ पट्ट्यावर आहे आणि शेजारीच रशियाचं नोव्होलाझारेव्स्काया स्थानक 1961 पासून चालू आहे. तिथली वर्षाची सरासरी उणे 10, जानेवारी शून्याच्या जरा खाली आणि ऑगस्ट उणे 18 च्या आसपास. म्हणजे ध्रुवाच्या आठ अंश जवळ असूनही हिमाद्री वर्षभराच्या हिशेबात पाच-सहा अंशांनी ऊबदार आहे.

यातला काही भाग स्वालबार्डचं खास नशीब आहे, त्याकडे पुढे येऊ. मूळ कारण मात्र अक्षांशात शोधून मिळणार नाही. पायाखाली काय आहे आणि भोवती काय आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पुस्तकातलं वाक्य भोवतालाबद्दल बोलतं, पण मोठा फरक पायाखालून सुरू होतो.

उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर खाली दोन-तीन मीटर बर्फ असतो आणि त्याखाली चार हजार मीटरहून खोल समुद्र. खारं पाणी उणे 1.8 अंशांना गोठतं, त्यामुळे बर्फाला खालून चिकटलेलं पाणी भर हिवाळ्यातही उणे 1.8 च्या खाली जात नाही. वर हवा उणे 30, खाली उणे 1.8. या दोहोंच्या मध्ये बर्फाची पातळ फळी. उष्णता तिच्यातून वर झिरपत राहते.

किती झिरपते, याचा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात होतो. दोन मीटर बर्फ धरा, त्यावर 30 सेंटिमीटर हिम. बर्फाची उष्णतावाहकता साधारण 2 वॅट प्रति मीटर प्रति अंश, आणि हिमाची फक्त 0.3, कारण त्यात हवा अडकलेली असते. रोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. बर्फाचा रोध झाला 2 भागिले 2, म्हणजे 1. हिमाचा रोध झाला 0.3 भागिले 0.3, म्हणजे तोही 1. दोन मीटर बर्फ जेवढी उष्णता अडवतो, तेवढीच वरचं वीतभर-दीडवीत हिम अडवतं. एकूण रोध 2 आणि तापमानातला फरक 28 अंश, म्हणून दर चौरस मीटरमधून 14 वॅट उष्णता वर येते.

आता दक्षिण ध्रुव. तिथे पायाखाली साधारण 2,700 मीटर जाडीचा बर्फ आहे आणि त्याखाली खडक. वरचा पृष्ठभाग वर्षाच्या सरासरीने उणे 50 च्या जवळ, तळाचा बर्फ त्याहून 40 अंशांनी गरम धरला, तरी 2,700 मीटरच्या रोधातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे 0.03 वॅट भरते. 60 चौरस मीटरच्या फ्लॅटएवढी जागा घेतली, तर उत्तरेकडे पायाखालून 840 वॅट मिळतात, म्हणजे एक इस्त्री अखंड चालू. दक्षिणेकडे तेवढ्याच जागेला जेमतेम दोन वॅट, झिरोच्या बल्बपेक्षाही कमी.

उत्तरेकडची ही उष्णता येते कुठून, हेही पाहा. पाणी आणखी थंड होऊन ती देत नाही. ते गोठून देतं. एक किलो पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वरचे 14 वॅट महिनाभर जात राहिले, तर बर्फाच्या खालच्या बाजूला साधारण 12 सेंटिमीटर नवा थर धरतो. आर्क्टिकची हिवाळ्यातली ऊब आणि आर्क्टिकच्या बर्फाची वाढ या एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत. बर्फ जाड होत जातो, तशी उष्णता कमी झिरपते आणि वाढही मंदावते. म्हणून समुद्राचा बर्फ आपोआप शंभर मीटर जाड कधीच होत नाही. त्यातच वाऱ्याने बर्फ तडकून मध्येच उघड्या पाण्याच्या लांबच लांब भेगा पडतात. अशा भेगेवर हिवाळ्यात वाफा उठताना दिसतात, आणि तिथून दर चौरस मीटरला शेकडो वॅट निघून जातात. भेगा एकूण क्षेत्राच्या एक-दोन टक्केच असल्या तरी हिशेबात त्या मोठ्या ठरतात.

आता उंची. हा मुद्दा बहुतेक लोक विसरतात आणि मग सगळं खापर 'जमीन विरुद्ध समुद्र' यावर फोडतात. दक्षिण ध्रुवावरचं अमुंडसेन-स्कॉट स्थानक समुद्रसपाटीपासून 2,835 मीटरवर आहे. किलोमीटरमागे साडेसहा अंश हा नेहमीचा दर लावला, तर नुसत्या उंचीचे 18 अंश होतात. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर उणे 30 च्या आसपास आणि दक्षिण ध्रुवावर उणे 60 च्या आसपास तापमान असतं. तीस अंशांच्या या फरकातले ढोबळ मानाने 18 उंचीचे, उरलेले बारा पायाखालच्या समुद्राचे आणि बाहेरून येणाऱ्या हवेचे. हा हिशेब ढोबळच आहे, कारण हिवाळ्यात तिथे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, म्हणजे तापमानाची विपरीतता असते, आणि मग साडेसहाचा दर काटेकोर लागू पडत नाही. पण प्रमाण कळायला तो पुरेसा आहे.

अर्थात, ही उंचीसुद्धा जमिनीमुळेच मिळाली आहे. पाण्यावर बर्फ तरंगतो, वाहून जातो, विरघळतो, त्याचा डोंगर होत नाही. जमिनीवर पडलेलं हिम दरवर्षी थोडं थोडं साचत राहिलं, की लाखो वर्षांत त्याचं पठार होतं. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षाला पाण्याच्या हिशेबात 50 मिलिमीटरही हिम पडत नाही, म्हणजे पावसाच्या मापाने ते वाळवंटच आहे. तरी तिथे बर्फाची जाडी काही ठिकाणी साडेचार किलोमीटरच्या वर आहे, कारण पडलेलं वितळत नाही. 21 जुलै 1983 रोजी व्होस्टोक स्थानकावर नोंदलेलं उणे 89.2 अंश तापमान याच पठारावरचं, 3,488 मीटर उंचीवरचं.

उत्तर गोलार्धातले नीचांक कुठले आहेत, तेही बघण्यासारखं आहे. सायबेरियातल्या व्हेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन या गावांचे उणे 67 च्या पुढचे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्याही खालचा उणे 69.6 हा आकडा 22 डिसेंबर 1991 रोजी ग्रीनलंडच्या हिमपठारावर नोंदला गेला. तिन्ही जागा जमिनीवरच्या. उत्तरेकडची सगळ्यात कडक थंडी ध्रुवाजवळच्या समुद्रावर पडत नाही, त्याच्या काठच्या खंडांवर आणि ग्रीनलंडवर पडते. समुद्र मधे आहे म्हणून मध्यभाग सांभाळला जातो.

थंडीच्या आकड्यापेक्षा मला वर्षभराचा आलेख जास्त बोलका वाटतो. कोणत्याही ध्रुवीय स्थानकाची महिन्यावार सरासरी काढा, वर लिहिलेलं नाव हाताने झाका आणि नुसत्या रेषेवरून ओळखा, खाली समुद्र आहे की बर्फाचं पठार.

दक्षिण ध्रुवाचे आकडे असे जातात: डिसेंबर आणि जानेवारी उणे 28 च्या आसपास, फेब्रुवारी उणे 40, मार्च उणे 54, एप्रिल उणे 57. म्हणजे 21 मार्चच्या सुमाराला सूर्य मावळेपर्यंत जवळजवळ सगळी घसरण उरकलेली असते. त्यानंतर पाच महिने रेषा सपाट. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर सगळे उणे 58 ते 60 च्या पट्ट्यात. 'सर्वांत थंड महिना कुठला' हा प्रश्नच तिथे फारसा अर्थाचा नाही. एखाद्या वर्षी तो जून असेल, पुढच्या वर्षी सप्टेंबर. हवामानशास्त्रात याला गाभा नसलेला हिवाळा म्हणतात.

असं का होतं? कोरड्या हिमाला उष्णता साठवता येत नाही. वरचा थोडासा थर गार झाला की झालं, खालून भर पडत नाही. सूर्य खाली गेला की पृष्ठभाग झपाट्याने गार होतो, मग त्याच्याकडून आकाशात जाणारी उष्णता आणि वरच्या किंचित ऊबदार हवेकडून खाली येणारी उष्णता यांची बरोबरी होते आणि पारा तिथेच अडकतो.

आर्क्टिकमध्ये रेषा वेगळी चालते. सप्टेंबरपर्यंत उघड्या पाण्याने उन्हाळ्याची उष्णता घेतलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर ती परत देण्यात जातात, मग बर्फ धरतो, जाड होतो, झिरपणं कमी होत जातं आणि थंडी हळूहळू खाली उतरते. सगळ्यात गार महिने फेब्रुवारी-मार्च, म्हणजे सर्वांत छोट्या दिवसानंतर दोन-अडीच महिन्यांनी. उतरती रेषा लांबलचक आणि तळ उशिरा आला, तर खाली समुद्र आहे. रेषा कड्यावरून पडल्यासारखी पडून तळाशी सपाट झाली, तर बर्फाचं पठार आहे. मैत्रीसारख्या किनाऱ्याजवळच्या जागा या दोहोंच्या मधल्या. तळ सपाटच, पण तेवढा खोल नाही.

उन्हाळ्यात तर फरक आणखी ठळक होतो, आणि इथे एक गंमत आहे. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते. त्यामुळे 21 डिसेंबरला दक्षिण ध्रुवावर वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांच्या सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे 560 वॅट ऊन पोहोचतं. 21 जूनला उत्तर ध्रुवाच्या वाट्याला सुमारे 525 येतं. दक्षिणेकडे सात टक्के जास्त. इतकंच नाही, त्या दिवशी दक्षिण ध्रुवाच्या माथ्यावर पडणारं ऊन विषुववृत्तावरच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त असतं. आणि तरी दक्षिण ध्रुवावरचं आजवरचं सर्वोच्च तापमान आहे उणे 12.3 अंश, 25 डिसेंबर 2011 चं. तिथे पारा शून्याला कधी पोहोचलेलाच नाही.

शून्याला पोहोचत नाही, यातच सगळं आलं. कोरडं हिम आलेल्या उन्हातलं 80 टक्क्यांहून जास्त परत फेकतं. ते वितळलंच नाही, तर पांढरं राहतं, आणि पांढरं राहिलं, तर वितळायला ऊन मिळत नाही. आर्क्टिकमध्ये समुद्रसपाटीला जूनमध्ये पारा शून्याला टेकतो आणि हिम ओलं होतं. ओलं हिम कमी परावर्तन करतं. मग बर्फावर निळसर पाण्याची डबकी साचतात, ती निम्म्याहून बरंच जास्त ऊन शोषतात. डबकं खाली झिरपून भोक पडलं, की काळं पाणी दिसतं, आणि काळं पाणी तर 90 टक्क्यांच्या वर ऊन गिळतं. तरीही ध्रुवाजवळच्या समुद्रावर जुलैत पारा शून्य-एक अंशाच्या वर फारसा चढत नाही, कारण येणारी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. चहाच्या आधणात बर्फाचा खडा असेपर्यंत ते उकळायचं नाव घेत नाही, तसंच. उन्हाळ्यात शून्याला खिळलेलं आणि हिवाळ्यात समुद्राने सावरलेलं, असं आर्क्टिक महासागराचं तापमान दोन्ही बाजूंनी बांधलेलं असतं.

आता भोवतालाकडे येऊ, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या वाक्याकडे.

आर्क्टिकभोवती खंड आहेत, पण कडं पूर्ण बंद नाही. पॅसिफिककडचं दार बेरिंगची सामुद्रधुनी, साधारण 85 किलोमीटर रुंद आणि जेमतेम 50 मीटर खोल. अटलांटिककडचं दार मात्र मोठं आहे. ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधली फ्राम सामुद्रधुनी हा आर्क्टिकचा एकमेव खोल दरवाजा, आणि शेजारी बारेंट्स समुद्राची उथळ वाट. उत्तर अटलांटिकमध्ये अमेरिका आणि युरोप असे दोन किनारे उभे आहेत, म्हणून प्रवाहांना उत्तर-दक्षिण वळावंच लागतं. गल्फ स्ट्रीमचं पुढचं पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येतं आणि त्याची एक शाखा स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला घासून जाते. हिमाद्री आहे तो काँग्सफिओर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली लांबट खाडी, नेमका याच किनाऱ्यावर. 2006 नंतरच्या बहुतेक हिवाळ्यांत या फिओर्डचा मुख्य भाग नीट गोठलेला नाही, 79 अंशांवर! गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने 2014 मध्ये याच फिओर्डच्या पाण्यात इंडआर्क ही नांगरलेली वेधशाळा सोडली, ती अटलांटिकचं हे पाणी आत किती शिरतं ते मोजायलाच.

अंटार्क्टिकाभोवती असा एकही आडवा किनारा नाही. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्यातली ड्रेक सामुद्रधुनी हीच सगळ्यात चिंचोळी जागा, आणि तीही सुमारे 800 किलोमीटर रुंद. त्यामुळे पश्चिमी वारे आणि त्यांच्याखालचा परिध्रुवीय प्रवाह पृथ्वीला पूर्ण फेरी मारतात, वाटेत कुणी अडवत नाही. शाळेत गरजणारे चाळीस आणि खवळलेले पन्नास शिकलो, ते हेच वारे. केपटाउनहून मैत्रीकडे निघालेल्या जहाजाला ते पार करावेच लागतात. या प्रवाहातून सेकंदाला 13 कोटी घनमीटरहून जास्त पाणी वाहतं. उष्ण कटिबंधातलं वरच्या थरातलं ऊबदार पाणी सरळ दक्षिणेला जाऊन अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागावं, अशी वाटच उरत नाही.

आता एक सावधगिरी. हिमाद्री-मैत्री जोडीवरून 'आर्क्टिक सगळीकडे ऊबदार' असं समजलात तर फसाल. आपलंच दुसरं स्थानक भारती 69.4 अंश दक्षिणेला आहे, आणि तिथलीही वार्षिक सरासरी उणे 10 च्या जवळपास. त्याच अक्षांशावर उत्तरेत नॉर्वेचं ट्रॉम्सो आहे, सरासरी अधिक 3, बंदर बारमाही उघडं. तेरा अंशांचा फरक, छान दिसतो. पण त्याच अक्षांशावर कॅनडात केंब्रिज बे नावाची वस्ती आहे, तिची सरासरी उणे 14 च्या आसपास, म्हणजे भारतीपेक्षाही थंड. तिथवर अटलांटिकचं पाणी पोहोचत नाही आणि आजूबाजूला बेटं, जमीन आणि गोठलेल्या खाड्या आहेत.

मग जमीन-समुद्राचं सूत्र खोटं पडलं का? नाही, फक्त ते महिन्यावार बघायला हवं. केंब्रिज बेला फेब्रुवारीत उणे 32 असतं, जुलैत मात्र अधिक 9. हिम जातं, काळी ओली माती उघडी पडते, फुलं येतात, डास येतात. भारतीला हिवाळा उणे 15 ते 20 च्या पट्ट्यात, कारण पुढ्यात समुद्र आहे, शिवाय पठारावरून घसरत येणारी हवा खाली उतरताना दाबली जाऊन थोडी गरम होते. पण जानेवारी शून्याच्याच आसपास. म्हणजे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचं वैशिष्ट्य कडक हिवाळा हे नाहीच, उन्हाळ्याचा अभाव हे आहे. समुद्राने वेढलेली जमीन बर्फाखाली गाडलेली असल्यामुळे उन्हात तापायला जमीनच शिल्लक नाही. म्हणून सायबेरियात आर्क्टिक वृत्तापलीकडे झाडं उभी आहेत, आणि अंटार्क्टिकात वृक्ष एकही नाही. वार्षिक सरासरी हा एकच आकडा ही गोष्ट पूर्ण लपवतो.

समुद्रावरच्या बर्फाचं वागणंही याच रचनेतून निघतं. आर्क्टिकचा बर्फ कुंडीत अडकल्यासारखा आहे. हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये, तो साधारण दीड कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो आणि बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला जाऊन अडतो. वाऱ्याने ढकलला की एकमेकांवर चढून त्याच्या वरंब्यासारख्या रांगा होतात, काही बर्फ फ्राम सामुद्रधुनीतून बाहेर निसटतो, बाकीचा उन्हाळ्यातून तगून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात जातो. सप्टेंबर 2012 मध्ये तो सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला, हा आजवरचा नीचांक.

अंटार्क्टिकाचा समुद्री बर्फ उलट बाहेरच्या दिशेने वाढतो आणि बाहेर त्याला अडवायला काहीच नाही. सप्टेंबरमध्ये तो साधारण साडेअठरा दशलक्ष, म्हणजे 1 कोटी 85 लाख चौरस किलोमीटर होतो, खुद्द खंडापेक्षा मोठा. फेब्रुवारीपर्यंत त्यातले सहापैकी पाच भाग नाहीसे होऊन तीसेक लाख उरतात. बहुतेक बर्फ एकाच वर्षाचा, म्हणून पातळ. आणखी एक कारण पाण्याच्या आत आहे. आर्क्टिकमध्ये ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी या नद्या गोडं पाणी आणून ओततात. ते हलकं असल्यामुळे वर राहतं आणि खोलवरच्या अटलांटिकच्या ऊबदार पाण्याला बर्फापर्यंत येऊ देत नाही. दक्षिणेकडे अशा नद्या नाहीत, थर नीट बसत नाहीत, आणि खालचं तुलनेने गरम पाणी वर येऊन बर्फाला खालून खातं.

बातम्या वाचताना लोक नेमके इथे चुकतात. 2014 मध्ये अंटार्क्टिकाचा समुद्री बर्फ पहिल्यांदा 2 कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला, तेव्हा 'बर्फ वाढतोय' असा गलका झाला. फेब्रुवारी 2023 मध्ये तोच 18 लाखांच्या खाली आला. दोन्ही आकडे खरे आहेत. कुंडीत नसलेला, एकवर्षी, पातळ बर्फ वाऱ्याच्या आणि वरच्या थरातल्या पाण्याच्या लहानशा बदलानेही मोठे हेलकावे खातो. एका वर्षाच्या आकड्यावरून तिथे काही ठरवायचं नाही. आर्क्टिकची घसरण मात्र 1979 पासूनच्या उपग्रह नोंदींत दशकामागून दशक दिसते, आणि त्याच काळात तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. पांढरा बर्फ जाऊन काळं पाणी उघडं पडणं, आणि पातळ बर्फातून हिवाळ्यात जास्त उष्णता हवेत येणं, ही दोन्ही कारणं वरच्या हिशेबात आलेलीच आहेत. दक्षिणेकडे पठारावरचा किलोमीटर-किलोमीटर जाड बर्फ असा एका-दोन उन्हाळ्यांत काळा होत नाही, आणि भोवतीच्या समुद्रात सतत खालून जुनं पाणी वर येत असल्यामुळे तोही सावकाश तापतो.

शेवटचा फरक आकाशातला आहे आणि थोडक्यात सांगतो. उत्तर गोलार्धात हिमालय, रॉकी पर्वत आणि खंड-समुद्रांची आलटून-पालटून मांडणी यांमुळे वाऱ्यात मोठ्या लाटा उठतात. त्या वर जाऊन ध्रुवाभोवतीचा हवेचा भोवरा वारंवार मोडतात आणि वरची हवा अचानक तापते. दक्षिणेत लाटा उठवायला भोवती नुसतं पाणी, त्यामुळे भोवरा घट्ट राहतो, आतली हवा उणे 78 च्या खाली जाते, तिथे खास बर्फाळ ढग बनतात आणि वसंतात ऊन परतलं की त्या ढगांवर सुटं झालेलं क्लोरीन ओझोन खातं. ओझोनचं छिद्र दरवर्षी दक्षिणेलाच पडतं, ते यामुळे; क्लोरीन सोडणारे कारखाने तर बहुतेक सगळे उत्तरेला होते. अपवाद दोन्हीकडे झाले आहेत. सप्टेंबर 2002 मध्ये दक्षिणेचा भोवरा दुभंगला आणि छिद्राचे दोन तुकडे झाले. 2020 च्या वसंतात उत्तरेचा भोवरा नेहमीपेक्षा जास्त टिकला आणि आर्क्टिकवर ओझोन एरवी कधी होत नाही एवढा घटला.